थेंबांनी बंद केलेलं नाक

पहाटे जाग येते ती घशाला कोरड पडल्यामुळे. जीभ टाळूला चिकटलेली असते, गिळताना काचतं, आवाज जड झालेला असतो. पाणी प्यायलं, गरम चहा पोटात गेला की तासाभरात बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. असा माणूस घसा दाखवायला जातो. डॉक्टर जीभ दाबून, बॅटरी लावून बघतात. थोडी लाली दिसते, पण टॉन्सिल सुजलेले नसतात, पांढरे ठिपके नसतात, ताप नसतो, मानेत गाठी नसतात. तरीही घसा रोज दुखतो हे खरंच असतं. अशा वेळी विचारायचा प्रश्न घशाबद्दलचा नसतो. रात्री नाकाने श्वास घेता येतो का, आणि नाकात काही घालता का, हे विचारावं लागतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे असे रुग्ण इतके येतात की अनेकांचं मिळून एक चित्र उभं करता येईल. आपण एका शिक्षिकेचं घेऊ. वय चाळिशीचं, जिल्हा परिषदेची शाळा, दिवसभर बोलायचं काम. दिवाळीनंतर थंडी पडली आणि त्यांना साधं पडसं झालं. नाक चोंदल्यामुळे झोप येईना, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब आणले. दोन-दोन थेंब घातले आणि पाच-दहा मिनिटांत नाक असं मोकळं झालं की बाई सकाळपर्यंत गाढ झोपल्या. आठवड्याभरात पडसं गेलं. शिंका थांबल्या, नाक गळायचं थांबलं. बंद राहिलं ते फक्त नाक. त्यामुळे थेंब चालू राहिले. आधी रात्री एकदा, मग सकाळी शाळेत जाण्यापूर्वी, मग मधल्या सुट्टीत. मकरसंक्रांतीपर्यंत दर तीन-चार तासांनी थेंब लागू लागले. एक बाटली पर्समध्ये आणि एक उशीखाली. आणि घसा मात्र रोज सकाळी दुखू लागला. त्या घशासाठी त्यांनी दोनदा प्रतिजैविकांचा कोर्स घेतला, ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध प्यायल्या. फरक पडला नाही.

शेवटी तज्ज्ञांकडे गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “मॅडम, सध्या कुठली औषधं चालू आहेत?” बाई म्हणाल्या, “काहीच नाही डॉक्टर. रक्तदाब नाही, शुगर नाही.” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “नाकात काही घालता का?” तेव्हा उत्तर आलं, “ते होय! ते नुसते ड्रॉप्स.”

थेंबांना औषध न समजणं ही या दुखण्यातली सगळ्यात मोठी अडचण आहे. बाटली छोटी, किंमत कमी, चिठ्ठीवाचून मिळते, लहान मुलांसाठीही असते. त्यामुळे डॉक्टरांना सांगायच्या यादीत ती येतच नाही. त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेक वेळा झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं नाव दिसेल. मोठ्यांसाठीच्या झायलोमेटाझोलिनचं प्रमाण ०.१ टक्का असतं आणि लहान मुलांसाठी त्याच्या निम्मं. ऑक्सिमेटाझोलिन मोठ्यांसाठी ०.०५ टक्के असतं. ही दोन्ही औषधं रक्तवाहिन्या आवळणारी आहेत, आणि त्यांचं सगळं भलंबुरं त्या आवळण्यात आहे.

नाक कशाने बंद होतं, याविषयी बहुतेकांची समजूत अशी असते की आत शेंबूड साचतो. तोही असतो, पण चोंदलेपणाचा मोठा भाग शेंबडाचा नसतो. नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीवर आतल्या बाजूला एकाखाली एक अशा तीन घड्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. सगळ्यात खालची घडी सर्वांत मोठी. मध्ये पातळ हाड आणि त्यावर जाड, मऊ अस्तर. या अस्तरात रक्त साठवणाऱ्या बारीक पोकळ्या दाट पसरलेल्या असतात. त्या रक्ताने भरल्या की अस्तर ओल्या स्पंजसारखं फुगतं आणि हवेची वाट अडते. त्या रिकाम्या झाल्या की अस्तर चपटं होतं आणि वाट मोकळी होते. कितीही शिंकरलं तरी चोंदलेलं नाक सुटत नाही, ते यामुळे. शिंकरून शेंबूड बाहेर येतो, रक्ताने फुगलेलं अस्तर येत नाही.

या पोकळ्या किती भराव्यात हे शरीर सतत ठरवत असतं. तिथे पोहोचणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन नावाचं द्रव्य थोडं थोडं पाझरत असतं आणि ते रक्तवाहिन्यांना आवळलेल्या अवस्थेत ठेवतं. निरोगी माणसातही दोन्ही नाकपुड्या सारख्याच मोकळ्या नसतात. काही तास एक बाजू जास्त उघडी असते, मग ती भरते आणि दुसरी उघडते. रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये या अदलाबदलीचं वर्णन केलं. योगाभ्यास करणाऱ्यांना इडा आणि पिंगला या नावांनी श्वासाची ही पाळी ओळखीची आहे. आडवं झालं की डोक्याकडचं रक्त वाढतं आणि अस्तर आणखी भरतं. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होऊ लागते. म्हणजे रात्री नाक थोडं जड होणं हे प्रत्येकाच्याच बाबतीत घडतं. पण ज्याच्या हाताशी बाटली असते, त्याला हा नेहमीचा जडपणाही आजार वाटतो आणि तो थेंब घालतो.

थेंबातलं औषध नॉरॲड्रेनालिनचंच काम करतं, पण फार जोराने आणि बराच वेळ. पोकळ्या झटकन आवळल्या जातात, स्पंज पिळल्यासारखं अस्तर चपटं होतं, आणि परिणाम आठ ते बारा तास टिकतो. दोन-तीन दिवसांसाठी हे फार चांगलं औषध आहे, यात मला शंका नाही. पडशाच्या सगळ्यात वाईट रात्री ते झोप देतं. पण बाहेरून इतका जोरदार हुकूम रोज मिळू लागला की शरीर आपल्या बाजूने दोन बदल करतं. पहिला बदल असा, की मज्जातंतूंची टोकं स्वतःचं नॉरॲड्रेनालिन कमी सोडू लागतात, कारण पुरेसं आहे असा संदेश त्यांना थेंबच देत असतो. दुसरा असा, की रक्तवाहिन्यांवरचे औषध ओळखणारे बिंदू थकतात, कमी होतात. त्यामुळे तेवढ्याच थेंबांचा परिणाम कमी वेळ टिकतो. आठ तासांचे सहा होतात, सहाचे तीन. आणि औषधाचा अंमल उतरला की आवळून धरायला ना औषध उरतं, ना शरीराचं स्वतःचं पुरेसं द्रव्य. रक्तवाहिन्या सैल पडतात, पोकळ्या भरून जातात आणि नाक मूळ पडशात होतं त्याहून घट्ट बंद होतं. शिवाय वारंवार आवळल्यामुळे अस्तराला रक्त कमी मिळतं, त्यानंतर तिथल्या पेशींमध्ये पाणी साचून आणखी सूज येते. ही सूज घालवण्यासाठी माणूस पुन्हा थेंब घालतो.

हे निरीक्षण नवं नाही. नोआ फॉक्स यांनी १९३१ मध्येच ॲड्रेनालिन आणि इफेड्रिन दीर्घकाळ नाकात घातल्याने अस्तरावर काय होतं याविषयी लिहिलं होतं. त्या काळी नाक मोकळं करायला तीच औषधं वापरत. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या क्लिफर्ड लेक यांनी १९४६ मध्ये या दुखण्याला ‘रायनायटिस मेडिकामेंटोसा’ असं नाव दिलं, म्हणजे औषधामुळे झालेला नाकाचा दाह. औषधं बदलली, सौम्य आणि जास्त टिकणारी आली, पण दुखणं गेलं नाही.

किती दिवसांनी हे सुरू होतं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. काहींच्या अभ्यासात आठवडे-आठवडे थेंब वापरूनही उलटी सूज आली नाही. काहींना ती थोड्याच दिवसांत आली. स्वीडनमध्ये पीटर ग्राफ यांनी १९९० च्या दशकात निरोगी माणसांना महिनाभर असे फवारे देऊन पाहिलं, तर नाकाला काहीही झालेलं नसताना त्यांची नाकं चोंदू लागली. त्याच कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. बाटलीतलं औषध खराब होऊ नये म्हणून घालतात ते बेंझाल्कोनियम क्लोराइड ही सूज वाढवू शकतं. माणसागणिक फरक पडतो म्हणूनच वेष्टनावर सावध मर्यादा दिलेली असते. सर्वसाधारणपणे तीन दिवस, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर पाच ते सात. आपलं नाक चिवट आहे की नाजूक, हे आधी कळायचा मार्ग नाही. ज्याला कळतं त्याला ते थेंब सुटत नाहीत तेव्हाच कळतं.

आता घशाकडे येऊ. नाकाचं मोठं काम वास घेण्याहूनही हवा तयार करण्याचं आहे. डिसेंबरच्या पहाटेची कोरडी, गार हवा नाकातून आत जाताना घशाशी पोहोचेपर्यंत जवळपास शरीराइतकी उबदार होते आणि बाष्पाने भरून जाते. ज्या अस्तराला आपण चोंदलेलं म्हणून शिव्या देतो, तेच रक्ताची ऊब आणि ओल हवेला देत असतं. नाक बंद झालं की माणूस झोपेत तोंड उघडतो. मग रात्रभर बाहेरची हवा जशीच्या तशी घशाच्या मागच्या भिंतीवर येत राहते. तोंडातली लाळ झोपेत तशीही कमी सुटते. घशावरचा ओला थर सुकतो, चिकट होतो, खालचं अस्तर उघडं पडून चुरचुरतं. पंखा चालू असेल किंवा खोलीत एसी असेल तर जास्तच. यात थेंबांचाही थेट वाटा असतो. बसून, मान मागे टाकून घातलेले थेंब नाकाच्या तळावरून घसरत सरळ घशात उतरतात. ज्यांना थेंब घातल्यावर कडवट चव लागते, त्यांचे थेंब हमखास तिथेच जात असतात. रक्तवाहिन्या आवळणारं तेच औषध मग घशाच्या अस्तरालाही कोरडं करतं.

म्हणून या घशाची एक खूण असते. तो सकाळी सगळ्यात वाईट असतो आणि दिवस वर येईल तसा निवळतो. पाणी प्यायलं की आराम पडतो. जंतूंमुळे सुजलेला घसा असं वागत नाही. तो दिवसभर दुखतो, गिळताना कळ येते, ताप असतो, जबड्याखालच्या गाठी हात लावला तरी दुखतात. नाकाचीही एक खूण असते. ॲलर्जीच्या नाकाला खाज सुटते, शिंका येतात, पाणी गळतं. थेंबांनी बिघडलेलं नाक नुसतंच बंद असतं. आणि थेंब घातले की उघडतं, काही वेळाने पुन्हा बंद होतं.

आणखी एक खूण घरच्या घरी हिशेबाने सापडते. बाटली साधारण १० मिलिलिटरची असते. एका मिलिलिटरमध्ये सुमारे वीस थेंब धरले तर बाटलीत दोनशे. दोन ते तीन थेंब दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून तीन वेळा, असं धरलं तर दिवसाला बारा ते अठरा थेंब जातात. तीन दिवसांत पस्तीस ते पंचावन्न. म्हणजे एका पडशासाठी फार तर पाव बाटली लागायला हवी, आणि उरलेली महिन्याभरात टाकून द्यायची. आपल्या शिक्षिका आठवड्याला एक बाटली संपवत होत्या. ड्रॉपर नाकाला लावून पुन्हा बाटलीत जातो म्हणून ती दुसऱ्याला द्यायची नसते, पण घरातले इतरही ‘एकदाच’ म्हणून वापरत होते.

डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक पाहिलं. खालचे दोन्ही टर्बिनेट सुजून पडद्याला टेकले होते. रंग निरोगी गुलाबी नव्हता, गडद लाल होता, आणि काठाला स्पर्श होताच रक्त आलं. नाकाचा पडदा किंचित डावीकडे वळलेला होता. अशा नाकाला रुग्ण ‘हाड वाढलंय’ किंवा ‘मास वाढलंय’ असं म्हणतात आणि ऑपरेशनच्या भीतीने थेंबांवर दिवस काढतात. इथे जास्तीचं मांस वाढलेलं नव्हतं. जिथलं तिथलंच अस्तर रक्त आणि पाणी भरून फुगलं होतं. बऱ्याचदा ते परत खाली बसतं.

उपचाराची पहिली पायरी थेंब थांबवणं हीच आहे. तिच्याभोवती बाकी सगळं बांधावं लागतं, कारण थांबवल्यानंतरचे पहिले काही दिवस फार कठीण जातात. डॉक्टरांनी बाईंना फ्लुटिकासोनचा नाकात मारायचा फवारा दिला. रोज सकाळी एकदा, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे. हे सौम्य स्टेरॉइड आहे आणि या शब्दाची लोकांना धास्ती असते. नाकातल्या फवाऱ्याचं प्रमाण अत्यल्प असतं, त्यातलं रक्तात फार थोडं जातं आणि त्याची थेंबांसारखी सवय लागत नाही. ते रक्तवाहिन्या आवळत नाही, सूज उतरवतं, पण सावकाश. मारल्या मारल्या नाक उघडलं नाही म्हणून दोन दिवसांत फवारा फेकून देणारे आणि पुन्हा थेंबांकडे वळणारे फार असतात. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे द्यावे लागतात. ऑक्सिमेटाझोलिनने थकवलेल्या नाकावर फ्लुटिकासोन दिलं तर रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद परत येतो, हे स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं.

मग एकेका बाजूची युक्ती. दोन्ही नाकपुड्यांचे थेंब एकदम बंद केले तर रात्री श्वासच कोंडल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याच रात्री माणूस हार मानतो. म्हणून आधी उजव्या नाकपुडीचे थेंब पूर्ण बंद केले. ती बाजू वळलेल्या पडद्यामुळे मुळात जास्त मोकळी होती. डावीकडे रात्री झोपताना फक्त एकदा थेंब, जेणेकरून एका बाजूने तरी श्वास चालेल. दुसऱ्या ते चौथ्या रात्री उजवी नाकपुडी ठार बंद होती. कपाळ जड, झोप तुटक, शाळेत चिडचिड. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं आणि मला वाटतं चिठ्ठीवरच्या कोणत्याही औषधाइतकं ते मोलाचं होतं. वाईट रात्री येणार आणि जाणार हे ठाऊक असलं की माणूस टिकतो. उशीखाली आणखी एक जाड उशी घेऊन डोकं आणि छाती उंच ठेवायला सांगितलं होतं, त्याने थोडं हायसं वाटे. आठवड्याच्या शेवटी उजवी बाजू अधूनमधून आपोआप उघडू लागली. दहाव्या दिवशी ती दिवसभर मोकळी राहिली. तेव्हा डावीकडचे रात्रीचे थेंबही बंद केले. डावी बाजू जरा जास्त हट्टी निघाली, तिला दोन आठवडे लागले.

घसा मात्र त्याआधीच सुधारला. उजव्या बाजूने रात्री श्वास चालू झाला, तोंड मिटून झोप लागू लागली आणि पहाटेची कोरड गेली. घशासाठी त्या दिवसांत वेगळं औषध काहीच नव्हतं. भरपूर पाणी, दुपारी बोलणं कमी, एवढंच.

या काळात मिठाच्या पाण्याचा चांगला उपयोग होतो. पाव लिटर पाण्यात चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. त्याने नाक धुतलं की चिकट स्राव निघतो आणि अस्तर ओलं राहतं. याची सवय लागत नाही. जलनेती करणाऱ्यांनी आणि घरी नाक धुणाऱ्यांनी पाण्याबद्दल मात्र तडजोड करू नये. ते उकळून थंड केलेलंच हवं. नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात घातल्याने मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या अमीबाचा संसर्ग होऊ शकतो. तो दुर्मीळ आहे, पण जवळपास नेहमी जीवघेणा ठरतो. वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, पण लहान मुलांच्या जवळ उकळत्या पाण्याचं भांडं ठेवू नये. बाम आणि मेन्थॉलचा वास घेतल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं. खरं तर हवेची वाट तेवढीच राहते, मेन्थॉल फक्त गारव्याच्या जाणिवेचे तंतू चेतवतो. वाटलं तरी झोप लागते, म्हणून त्याला माझा विरोध नाही.

काहींचं नाक फवाऱ्यानेही उघडत नाही. तेव्हा डॉक्टर काही दिवसांपुरत्या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. वर्षानुवर्षं थेंब घेतलेल्यांमध्ये अस्तर कायमचं जाड झालेलं असू शकतं, ते लहानशा शस्त्रक्रियेने कमी करावं लागतं. पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: मुळात नाक का चोंदत होतं? पडसं तर आठवड्यात गेलं होतं. वाकडा पडदा, धुळीची ॲलर्जी, नाकात वाढलेले कोंब, जुनाट सायनस, यांतलं काही दडलेलं असलं तर थेंब सुटल्यावर ते वर येतं. आपल्या शिक्षिकांना खडूच्या आणि जुन्या रजिस्टरांच्या धुळीने नाक बंद व्हायचं, हे थेंब सुटल्यावरच स्पष्ट झालं. त्यासाठी तोच फवारा काही महिने चालू ठेवला. फवारा मारताना मान थोडी पुढे झुकवायची आणि उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, म्हणजे तोंड बाहेरच्या भिंतीकडे, डोळ्याच्या दिशेने राहतं. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला तर तिथून रक्त येऊ लागतं.

ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइडचा अतिरेक किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास आहे, त्यांनी हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदाही घेऊ नयेत, कारण औषध नाकातून रक्तात शिरतं आणि इतरत्रच्या रक्तवाहिन्याही आवळतं. आणि ज्या घरात रांगतं मूल आहे, तिथे उशीखालची बाटली धोक्याची आहे. मुलाने ती चोखली तर याच गटातल्या औषधाने झोपाळूपणा येतो, नाडी मंदावते, श्वास संथ होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला होता की अशा नाकातल्या फवाऱ्यांतलं आणि डोळ्यांच्या थेंबांतलं एक-दोन मिलिलिटर औषध पोटात गेलं तरी पाच वर्षांखालच्या मुलाला इस्पितळात ठेवावं लागू शकतं. मूल सुस्तावलेलं दिसलं आणि बाटली उघडी सापडली तर वाट न पाहता इस्पितळात न्यावं आणि बाटली सोबत घ्यावी.

पुढच्या हिवाळ्यात पडसं पुन्हा येणारच. एकदा थेंबांनी बिघडलेलं नाक त्या औषधाला विसरत नाही. अशा माणसाने पुन्हा थेंब सुरू केले तर उलटी सूज पहिल्यापेक्षा लवकर, काही दिवसांतच येते, हेही ग्राफ यांच्या रुग्णांत दिसून आलं. म्हणून डॉक्टरांनी बाईंच्या कागदावर ज्यांची ॲलर्जी आहे अशा औषधांच्या जागेवर झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही दोन नावं लिहून दिली. ती ॲलर्जी नव्हे. पण मेडिकलच्या काउंटरवर किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे तो कागद दाखवला की कोणी सहज म्हणून थेंबांची बाटली पुढे करणार नाही.